ताईची पत्रं फोनवर का नव्हती?

मंडळी, गेल्या महिन्यात ताईच्या वर्षश्राद्धाला भाचीकडे नाशिकला गेलो होतो. ताईने शेवटच्या वर्षात मला पाठवलेले मेल सगळ्यांना वाचून दाखवावेत, असं मनात होतं. जेवणं झाल्यावर फोन उघडला, तर आत फक्त गेल्या पंधरवड्याचे मेल. ताईचं एकही पत्र नाही! पोटात गोळाच आला.

घरी येऊन लॅपटॉप उघडला, तर सगळी पत्रं जागच्या जागी. पत्ता तोच, पासवर्ड तोच, मग असं का?

कारण असं की, लॅपटॉपवरच्या थंडरबर्डमध्ये मी फार पूर्वी पॉप निवडलं होतं. पॉप म्हणजे पोस्टातून पत्रं घरी आणणं. आणल्यावर ती सर्व्हरवर किती दिवस राहू द्यायची ते सेटिंग ठरवतं. माझ्याकडे "For at most 14 days" वर खूण होती. फोनवर होतं आयमॅप. ते म्हणजे वाचनालयात बसून वाचणं: सर्व्हरवर जे आहे तेच दिसणार. लॅपटॉपने १४ दिवसांनी पत्र सर्व्हरवरून काढलं की फोनवरूनही गेलं. लॅपटॉपवरून मी ताईला पाठवलेली उत्तरंही फोनवर कधी आलीच नव्हती.

तुमच्याकडे असंच आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. फोनवर वाचलेला मेल लॅपटॉपवर न वाचलेला दिसतो.

मी आधी ती १४ दिवसांची खूण काढली. थंडरबर्डमध्ये पॉपचं खातं आयमॅपमध्ये बदलता येत नाही, म्हणून तोच पत्ता आयमॅपने नव्याने जोडला. सर्व्हरवर पुरेशी जागा आहे ना, ते पाहिलं. मग जुनी पत्रं शंभर-शंभर निवडून "Copy To" ने नव्या खात्यात पाठवली. "Move To" मुद्दाम टाळलं, कारण मध्येच इंटरनेट गेलं तरी मूळ प्रत शाबूत राहायला हवी. पत्रं फोनवर दिसली, संख्या जुळली, तेव्हाच जुनं खातं काढलं.

आता माझं मत. एकच पेटी दोन यंत्रांवर वाचायची असेल तर दोन्हीकडे आयमॅपच हवं. पण आयमॅप म्हणजे तिजोरी, असं समजू नका. फोनवर चुकून पुसलेलं पत्र लॅपटॉपवरूनही जातं. पॉपचा एक गुण मात्र खरा होता: आपली प्रत आपल्या घरात राहायची. म्हणून ताईची पत्रं मी थंडरबर्डच्या "Local Folders" मध्येही उतरवून ठेवली आहेत, आणि तिथून पेनड्राइव्हवर.

दिवाळीला भाची इकडे येणार आहे. तेव्हा राहिलेलं वाचन करू.