विश्लेषण : विश्रांतीने वाढते आणि कामाने कमी होते, ती कंबरदुखी वेगळी का?

घोटीच्या बाजारपेठेत भाताच्या गिरण्या आहेत आणि त्या गिरण्यांत पोती उचलणारे तरुण आहेत. अशा तरुणाची कंबर दुखू लागली की कारण शोधावे लागत नाही, ते पाठीवरच असते. ‘ओझे उचलले, चमक भरली’ हे निदान घरात होते, गिरणीत होते आणि पुष्कळदा दवाखान्यातही होते. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही असते. पण काही तरुणांच्या कंबरदुखीचे मूळ ओझ्यात नसून शरीराच्या प्रतिकारशक्तीत असते. ती ओळखायला महागडे यंत्र लागत नाही, दोन-तीन प्रश्न लागतात. ते वेळेवर विचारले जात नाहीत, ही खरी अडचण आहे.

तक्रार नेमकी कशी असते?

भाताच्या गिरणीत काम करणारा २४ वर्षांचा तरुण उदाहरणादाखल घ्यावा. हे कोणा एका व्यक्तीचे वर्णन नाही. या आजाराच्या रुग्णांच्या तक्रारी एकत्र केल्या तर जे चित्र उभे राहते, ते हे. दुखणे एका झटक्यात सुरू झालेले नाही. अमुक दिवशी अमुक पोते उचलले आणि कंबर धरली, असे त्याला सांगता येत नाही. सात-आठ महिन्यांपूर्वी केव्हातरी ते आले आणि राहिले. पहाटे तीन-चारच्या सुमारास त्याला जाग येते. कूस बदलणेही जड जाते. उठून घरात चार फेऱ्या मारल्या की बरे वाटते. सकाळी मोजे-बूट घालायला वाकता येत नाही, कंबर ‘लाकडासारखी’ झालेली असते. ती सुटायला तासभर लागतो. गिरणीत पहिली दहा-बारा पोती हलवली की मात्र तो इतरांसारखाच काम करतो.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे सुटीचा दिवस. ओझ्याने दुखावलेली कंबर सुटीच्या दिवशी शांत होते. या तरुणाची सुटीच्या दिवशी जास्त दुखते. दुपारी झोपून उठला की पुन्हा सकाळसारखीच आखडते. कधी उजवा नितंब दुखतो, कधी डावा. आवणीच्या दिवसांत पाऊस आणि गारठा असतो, म्हणून घरचे ‘वात धरला’ म्हणतात. दवाखान्यात वेदनाशामक इंजेक्शन मिळते, दोन दिवस कमालीचा आराम पडतो आणि ‘आठ दिवस पडून राहा’ असा सल्ला मिळतो. नेमका हाच सल्ला त्याला मानवत नाही.

मग शरीरात घडते काय?

माकडहाडाच्या वरच्या बाजूला त्रिकास्थी आणि कमरेचे हाड यांना जोडणारे दोन सांधे असतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. त्यांना सॅक्रोइलियाक सांधे म्हणतात. या आजाराची सुरुवात बहुधा तिथे होते. स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात, त्या जागी प्रतिकारशक्ती विनाकारण दाह निर्माण करते. हालचाल थांबली की ताठरपणा वाढतो, हालचाल सुरू झाली की तो ओसरतो. ‘दुखणे रात्री, आराम कामात’ या उलट्या वाटणाऱ्या तक्रारीमागे हा दाह असतो.

पुढचा टप्पा अधिक गंभीर आहे. दाह झालेल्या जागी शरीर दुरुस्ती म्हणून नवे हाड घालत जाते. वर्षानुवर्षे हे चालले तर काही रुग्णांत मणके एकमेकांना जोडले जातात, पाठीला बाक येतो आणि मान वळवण्यासाठी सगळे अंग वळवावे लागते. या अवस्थेला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. त्याआधीच्या, एक्स-रेवर अजून काही न दिसणाऱ्या अवस्थेसह या सगळ्याला आता ॲक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस असे एकत्रित नाव आहे. जोडले गेलेले मणके पुन्हा सुटे होत नाहीत. त्यामुळे वाया गेलेल्या वर्षांची किंमत मोठी असते. तक्रार सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी काही वर्षे जातात, असे जगभरचे अनुभव सांगतात.

चार-पाच प्रश्नांवर किती विसंबता येते?

संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्यासाठी पाच खुणा ठरवल्या आहेत. दुखणे वयाच्या चाळिशीआधी सुरू झाले का, ते हळूहळू आले का, व्यायामाने कमी होते का, विश्रांतीने कमी होत नाही ना, आणि रात्री दुखून उठल्यावर बरे वाटते का. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीत पाचांपैकी चार उत्तरे ‘हो’ आली, तर ती दाहजन्य प्रकारची मानतात. वरच्या तरुणाची पाचही उत्तरे ‘हो’ आहेत.

पण एवढ्यावर शिक्का मारणेही चूक ठरेल. तरुण वयात सुरू झालेली आणि तीन महिन्यांहून अधिक टिकलेली कंबरदुखी असलेल्या शंभरांपैकी साधारण पाच जणांना हा आजार असतो, असा युरोपीय रुग्णांवरून काढलेला अंदाज आहे. दुखण्याची तऱ्हा दाहजन्य असेल तर ही शक्यता शंभरात चौदाच्या आसपास जाते. म्हणजे तशी तक्रार असलेल्या बहुसंख्यांना हा आजार नसतोच. त्यात एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी सकारात्मक आली तर शक्यता साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचते. आकडे भारतात थोडे वेगळे असतील, पण तर्क तोच. एकेक पुरावा शक्यता वाढवतो, एकटा कोणताच पुरेसा नाही. एचएलए-बी२७ आणि या आजाराचा संबंध १९७३ साली उजेडात आला. तरीही हा जनुक असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही आणि जनुक नसलेल्या काहींना होतो. निव्वळ त्या अहवालावरून घाबरणे किंवा निर्धास्त होणे दोन्ही व्यर्थ.

म्हणून डॉक्टरांनी कमरेपलीकडचेही विचारायला हवे. पूर्वी एखादा डोळा लाल होऊन खूप दुखला होता का आणि उजेड सहन होत नव्हता का? टाच दुखते का? सोरायसिस किंवा दीर्घकाळचे रक्तमिश्रित जुलाब आहेत का? वडील, काका, भाऊ यांपैकी कोणाची पाठ ताठ झाली आहे का? अशी एक-दोन उत्तरे मिळाली की चित्र पालटते.

तपासणीत गाडी कुठे चुकते?

पहिली चूक म्हणजे चुकीच्या जागेचे चित्र. कंबर दुखते म्हणून कमरेच्या मणक्यांचा एमआरआय काढला जातो. त्यात ‘गादी किंचित सरकली’ असे येते. अशी किंचित सरकलेली गादी कधीच न दुखणाऱ्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही दिसते. पण कागदावर कारण सापडल्याने शोध तिथेच थांबतो. सॅक्रोइलियाक सांधे त्या चित्रात नीट येतच नाहीत. दाहाचा संशय असेल तर आधी ओटीपोटाचा साधा एक्स-रे हवा आणि तो निर्दोष असेल तर याच सांध्यांचा एमआरआय. त्यात हाडातील सूज दाखवणारी खास छायाचित्रे, ज्यांना स्टर म्हणतात, मागून घ्यावी लागतात. एक्स-रेवर बदल दिसायला काही वर्षे लागू शकतात, त्यामुळे चोविसाव्या वर्षीचा चांगला एक्स-रे आजार नाकारत नाही. दाह मोजणारी सीआरपी तपासणीही अनेक रुग्णांत सामान्य येते.

दुसरी चूक उलट दिशेची आहे. दाह दिसला की तो हाच आजार, असे गृहीत धरणे. आपल्याकडे क्षयरोग मणक्यात आणि या सांध्यातही बसतो. जनावरांच्या सहवासातून किंवा कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिसही तिथेच पोहोचतो. ताप, घटते वजन, रात्रीचा घाम, एकाच बाजूचा तीव्र दाह असेल तर आधी संसर्ग वगळला पाहिजे. आणि पायातील ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर ती तातडीची बाब आहे. तिथे सकाळचा ताठरपणा मोजत बसू नये.

उपचार कोणते आणि किती?

सुरुवात साध्या वेदनाशामक-दाहशामक गोळ्यांनी होते, पण दुखेल तेव्हा एक अशी नव्हे. डॉक्टरांनी ठरवलेल्या पूर्ण मात्रेत दोन ते चार आठवडे, आणि एकीने भागले नाही तर दुसरी. एक-दोन दिवसांत ठळक आराम पडणे ही निदानाला पुष्टी देणारी खूणही आहे. म्हणजे इंजेक्शनने मिळालेला तो ‘कमालीचा आराम’ पुरावाच होता, कोणी नोंदवला नाही इतकेच. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडचा मणक्यातील या आजारावर फारसा उपयोग होत नाही, मेथोट्रेक्सेटचाही नाही. संधिवात म्हणून ती औषधे वर्षभर चालू असतील तर प्रश्न विचारायला हवा.

गोळ्यांनी भागले नाही तर दाहाचा विशिष्ट रेणू अडवणारी जैविक औषधे आहेत. ॲडालिम्युमॅबची भारतीय आवृत्ती २०१४ च्या अखेरीस बाजारात आली, तेव्हापासून ती तुलनेने आवाक्यात आली, तरी मजुरी करणाऱ्याला आजही जड जाते. ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयरोगाची तपासणी अनिवार्य आहे, कारण ही औषधे दडून बसलेला क्षयरोग जागा करू शकतात.

व्यायाम हा इथे सल्ल्याचा शेवट नसून उपचाराचा अर्धा भाग आहे. रोज पाठ मागे ताणणे, खोल श्वासाने छाती फुलवणे, पंधरा-वीस मिनिटे पालथे झोपणे, पातळ उशी वापरणे. विडी-सिगारेट सोडणेही त्यातच येते, कारण धूम्रपान करणाऱ्यांत मणके जोडले जाण्याची गती जास्त दिसते. काम सोडायचे का? आजार पोत्यांमुळे झालेला नाही, त्यामुळे दाह आटोक्यात असेल तर तरुण काम करू शकतो. ज्याचे मणके जोडले गेले आहेत, त्याचा कणा मात्र ठिसूळ असतो, साध्या पडण्यानेही मोडू शकतो. त्याने ओझे उचलू नये.

बदलायला काय हवे?

संधिवाततज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात येणार नाहीत. एमआरआयही येणार नाही. नाशिक घोटीहून तासाभराच्या अंतरावर आहे, पण मजुरी बुडवून तिथे जायचे ते कशासाठी, हे आधी कोणीतरी सांगावे लागते. ते सांगण्याची जागा म्हणजे पहिला दवाखाना. तीन महिन्यांहून अधिक कंबर दुखणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या केसपेपरवर दोन ओळी असाव्यात : सकाळी कंबर किती वेळाने सुटते? सुटीच्या दिवशी बरे वाटते की वाईट? अर्धा तासाहून जास्त आणि ‘वाईट’ अशी उत्तरे आली, तर ‘पडून राहा’ असे लिहिण्याआधी पुढे पाठवण्याची चिठ्ठी लिहावी. त्यातील बहुतेकांना हा आजार निघणार नाही. ज्यांना निघेल, त्यांचा कणा तिशीतही वाकता राहील.