सावदा ते आझादपूर : एका चालकाचे ताट

जामनेर तालुक्याची ओळख कापसाची. परंतु येथील अनेक ट्रकचालकांचा चरितार्थ शेजारच्या रावेर-यावलच्या केळीवर चालतो. असाच एक चालक, वय अठ्ठेचाळीस, गेली बावीस वर्षे सावद्याहून दिल्लीच्या आझादपूर मंडईपर्यंत केळी पोहोचवीत आला आहे. बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा असा हा हजार-अकराशे किलोमीटरचा रस्ता. हिरवी केळी वाटेत पिकू लागली की भाव पडतो, म्हणून घाई असते. आणि घाईत जेवणारा मनुष्य काय जेवतो हे स्वतःच पाहत नाही.

त्याचे ताट ठरलेले असे. सायंकाळी माल भरून निघावयाचे, रात्री दहाच्या सुमारास बऱ्हाणपूरच्या पुढे पहिला मुक्काम. चार तंदुरी रोट्या, वर लोण्याचा गोळा, दाल फ्राय, आणि खानदेशी जिभेला सवय म्हणून मिळेल तेथे शेवभाजी, तीही वर बोटभर लाल तर्री असलेली. मध्यरात्रीनंतर झोप येऊ नये म्हणून चहा, चहाबरोबर बिस्किटे. चोवीस तासांत नऊ-दहा चहा सहज होत.

पहिली खूण त्याला दिसली ती ताटात नव्हे, काचेत. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे पसरट दिसू लागले. त्याने समोरची काच दोनदा घासून पुसली, वायपर बदलले. तहान वाढली होती, आणि रात्रीतून चार-चार वेळा गाडी कडेला घ्यावी लागत होती. क्लीनर पोरगा म्हणाला, ‘‘उस्ताद, पाणी जास्त पिता तुम्ही.’’ दोघांनीही उन्हाळ्याला दोष देऊन विषय संपविला.

मालवाहतुकीचा परवाना २०१९च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांसाठी मिळतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी ‘नमुना १-अ’ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यात मुख्यतः डोळे, कान, हातपाय अशा गोष्टी पाहिल्या जातात. नजर धूसर झाल्याचे ऐकून डॉक्टरांनी तहानेविषयी विचारले आणि नमुन्याबाहेर जाऊन रक्त तपासावयास लावले. उपाशीपोटी साखर २१४ आली. १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ९.२ आली, तिची मधुमेहाची रेषा ६.५ आहे. रक्तातील साखर वाढली की डोळ्यातील भिंगाला सूज येते, म्हणून दिवे पसरट दिसत होते. चूक काचेची नव्हती.

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, एक मेटफॉर्मिन आणि दुसरी ग्लिमेपिराइड, आणि ‘तेलकट, गोड बंद’ असे सांगितले. हा सल्ला घरी राहणाऱ्यासाठी ठीक आहे. ढाब्यावर जेवणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही, कारण तेथे काय बंद करता येते आणि काय येत नाही हे स्वयंपाकघराच्या रचनेवर ठरते.

उदाहरण चहाचे. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. नऊ कपांत ९० ग्रॅम, म्हणजे साडेतीनशेहून अधिक कॅलरी केवळ चहातून. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की, वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५च्या आसपास असावी. त्याने पहिल्याच फेरीत ‘बिना शक्कर’ चहा मागितला. ढाबेवाल्याने पातेल्याकडे बोट दाखविले: चहा साखरेसहच उकळत असतो, एका कपासाठी वेगळा चढविणार कोण? तेव्हा साखर कमी करण्याचा मार्ग नव्हता, कप कमी करण्याचाच होता. पत्नीने थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा भरून द्यावयास आरंभ केला. तो पहिल्या रात्रीपुरता पुरे. पुढे दिवसा तो मिठाचे ताक घेऊ लागला, मध्य प्रदेशात ते छाछ म्हणून सर्वत्र मिळते. बिस्किटांच्या जागी फुटाणे आले. महिनाभरात नऊ कपांचे तीन झाले. पहिला महिना त्याने एवढेच केले, आणि ते बरे झाले. सगळे एकदम सोडणारे लोक तिसऱ्या फेरीला मूळ पदावर येतात.

दुसऱ्या महिन्यात त्याने डाळीकडे पाहिले. ढाब्यावरील डाळ सकाळीच शिजवून मोठ्या भांड्यात ठेवलेली असते. गिऱ्हाईक आले की पळीभर तेल किंवा तूप तापवून तिला तडका देतात. पळीभर, म्हणजे मोठ्या चमच्याने मोजल्यास दोन-तीन चमचे, आणि प्रत्येक चमच्यात सुमारे १२० कॅलरी. याचा अर्थ असा की, शेवभाजीतील तेल काढता येत नाही, ते तर्रीत मुरलेले असते. परंतु डाळीतील तेल आचाऱ्याने अजून घातलेलेच नसते. ‘‘भैया, दाल सादी, तडका मत लगाना’’ एवढे सांगितले की काम होते, उलट आचाऱ्याचे श्रम वाचतात. पहिल्या दिवशी ढाबेवाल्याने ‘‘तबीयत खराब है क्या?’’ असे विचारले. तिसऱ्या फेरीला ट्रक थांबताच साधी डाळ ताटात पडू लागली.

रोटीचा प्रश्न अधिक अवघड होता. एका तंदुरी रोटीला घरच्या फुलक्याच्या दुप्पट-अडीचपट पीठ लागते, आणि पुष्कळ ठिकाणी त्यात मैदा मिसळतात. चार रोट्या म्हणजे आठ-दहा फुलके. तो तवा रोटी मागू लागला. तरीही संख्या कमी होईना, कारण भुकेला मनुष्य पहिल्या रोटीची वाट पाहत असतो आणि भाजी येण्यापूर्वी ती संपवितो. म्हणून त्याने क्रम बदलला: आधी काकडी-कांदा-टोमॅटोची प्लेट, मग वाटीभर डाळ किंवा दही, आणि शेवटी रोटी. भाज्या व डाळ आधी पोटात गेल्यास पुढील पिठाची साखर रक्तात हळू उतरते. चारच्या अडीच झाल्या, पुढे दोन.

घरून तो दादर ज्वारीच्या भाकरी नेऊ लागला. पहिल्या दिवसाला त्या चांगल्या राहतात. येथे एक गैरसमज सांगितला पाहिजे. भाकरी म्हणजे औषध नव्हे. ज्वारीतही पीठच आहे, आणि चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढतेच. लाभ एवढाच की ती चावून खावी लागते, दोन भाकरींत पोट भरते, आणि वर लोणी येत नाही.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.१ आली. येथवर सारे सरळ चालले होते; आणि येथेच त्याने घाई केली.

आकडा उतरताना पाहून त्याला वाटले, कमी खाल्ल्याने एवढे होते, तर न खाल्ल्याने अधिक होईल. पुढच्या फेरीत गुन्याजवळ त्याने सकाळी आठ वाजता दोन्ही गोळ्या घेतल्या आणि न्याहारी टाळली. साडेअकराच्या सुमारास, शिवपुरीकडे जाताना, हाताला कंप सुटला. जानेवारीच्या थंडीत कपाळावर घाम आला, छाती धडधडू लागली, आणि ओळखीचा रस्ता अनोळखी वाटू लागला. क्लीनरने हाक मारली तर तो विनाकारण खेकसला. चिडचिड हेही त्याचेच लक्षण असते, पण ते कोणाला माहीत? सुदैवाने गाडी कडेला घेण्याइतके भान त्याला उरले होते.

साखर वाढल्याने मनुष्य महिनोन्‌महिने झिजतो. साखर ७०च्या खाली गेल्यास अर्ध्या तासात बेशुद्ध होऊ शकतो, आणि मागे पंधरा टन माल असतो. दोन गोळ्यांतील मेटफॉर्मिन एकटी घेतल्यास असे सहसा होत नाही. ग्लिमेपिराइडचे काम वेगळे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावते, पोटात अन्न असो वा नसो.

क्लीनरने मागून केळी काढून आणली. ट्रकभर केळी आणि तिचा उपयोग शून्य, कारण हिरव्या केळीत साखर नव्हे, पिष्ट असते. ते तातडीने रक्तात उतरत नाही. शेवटी शेजारच्या टपरीवरून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्याला पाजली. योगायोगाने ते प्रमाण अचूक होते: १५ ग्रॅम साखर घ्यावी, १५ मिनिटे थांबावे, कंप राहिला तर पुन्हा तेवढीच घ्यावी, आणि बरे वाटताच जेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला रुग्णालयातच न्यावे लागते. बरे वाटले म्हणून लगेच चाक हाती घेणेही योग्य नाही. ब्रिटनमधील वाहनपरवाना खाते चालकांना सांगते की, साखर पूर्ववत झाल्यावर आणखी ४५ मिनिटे गाडी चालवू नये, कारण मेंदू मागाहून सावरतो. आपल्या चालकाने त्या दिवशी दोन तास विसावा घेतला. मालकाचे तीन फोन आले.

जामनेरला परतल्यावर डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली आणि नियम लिहून दिला: ही गोळी पहिल्या घासाबरोबर, आणि जेवण नसेल तर ही गोळी नाही. मात्रा स्वतःच्या मनाने बदलावयाची नाही. केबिनमध्ये आता साखरेची पुडी आणि बोट टोचून साखर पाहण्याचे छोटे यंत्र असते. क्लीनरला लक्षणे पाठ आहेत. उस्ताद कारण नसता रागावला की तो आधी पुडी पुढे करतो.

यानंतर बदलली ती जेवणाची वेळ. गोळी ठरल्या वेळी तर जेवणही ठरल्या वेळी, म्हणून रात्री दहा-साडेदहाचे मुख्य जेवण सायंकाळी सातपूर्वी आले. शक्यतो माल भरत असतानाच, घरच्या डब्याचे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांना यात नवल वाटणार नाही. रात्री एकला वाटीभर डाळ आणि एक रोटी. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर तसेही झोपेकडे झुकलेले असते. त्यावर जड जेवणाची भर पडेनाशी झाली, तशी चहाची गरजही उतरली.

मालकाशी मात्र बोलावे लागले. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ सांगत असे की, पाच तास सलग कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे. ‘गाडी कुठे पोहोचली?’ असा फोन दर दोन तासांनी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असे. मालक सज्जन निघाले. जेवणाचे दोन थांबे त्यांनी वेळापत्रकात धरले. केळी त्यामुळे पिकून गेली असे एकदाही झाले नाही.

सहा महिन्यांची एचबीए१सी ७.३ आली. डॉक्टरांना ती ७च्या खाली हवी आहे, आणि दोन्ही गोळ्या अजून चालू आहेत. दिवे पुन्हा गोल दिसतात. शेवभाजी त्याने सोडलेली नाही. परतीच्या फेरीत, बऱ्हाणपूर ओलांडल्यावर, एकदा. तर्री वरून काढून क्लीनरच्या वाटीत घालतो; पोरगा बावीस वर्षांचा आहे आणि चहा दिवसाला आठ घेतो.