पाळी लवकर आली, झरा वाढला का?

श्रीगोंद्याकडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे : "कंपनी आपलेच शेअर परत विकत घेते, याचा अर्थ काय? आणि त्यात आमचे भले किती?" आमच्या नगर जिल्ह्यात शेअर म्हटला की साखर कारखान्याचा सभासद-भाग आठवतो. त्याला बाजारभाव नसतो, म्हणून हा प्रश्नही तिथे उद्भवत नाही. बाजारात भाव फुटणाऱ्या कंपनीची गोष्ट वेगळी आहे.

सामाईक विहिरीचे उदाहरण घेऊ. दहा भाऊबंद, दहा दिवसांची पाळी. त्यांपैकी एकाचा हिस्सा इतरांनी सामाईक पैशातून विकत घेऊन रद्द केला. आता प्रत्येकाची पाळी नवव्या दिवशी येते. पाणी जास्त मिळते खरे. पण विहिरीचा झरा होता तेवढाच आहे, आणि सामाईक थैली मात्र हलकी झाली आहे. शेअरची पुनर्खरेदी, म्हणजे बायबॅक, ती हीच. विकत घेतलेले शेअर कंपनी रद्द करते. आपल्याकडे 1998 साली कायद्याने याला वाट करून दिली.

कंपन्या हे का करतात? हाती रोकड साचली, तेवढ्या मोलाचे नवे काम समोर नाही, आणि शेअरचा भाव संचालकांना कमी वाटतो, अशा वेळी पैसा मालकांना परत देणे हा शहाणपणाच आहे. लाभांश एकदा वाढवला की दरवर्षी तेवढीच अपेक्षा राहते. पुनर्खरेदीचे तसे नाही.

आता घरचाच दाखला. नगरच्या औद्योगिक वसाहतीत लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा कारखाना होता. तो ज्या विद्युत विभागात मोडत होता, तो सारा विभाग श्नायडर इलेक्ट्रिकला सुमारे 14,000 कोटींना विकण्याचा करार 2018 साली झाला आणि ऑगस्ट 2020 मध्ये व्यवहार पुरा झाला. त्यानंतर कंपनीने भागधारकांना शेअरमागे 18 रुपये विशेष लाभांश दिला.

पुनर्खरेदीची कथा याहून बोधप्रद आहे. 2018 साली याच कंपनीने 9,000 कोटींचे शेअर 1,475 रुपये भावाने घेण्याचे ठरवले. जानेवारी 2019 मध्ये सेबीने परवानगी नाकारली. नियम असा की, खरेदीनंतर कर्ज हे भांडवल आणि मुक्त गंगाजळी यांच्या दुपटीहून अधिक असता कामा नये. उपकंपन्यांची कर्जे धरली तर ते अधिक होत होते. पुढे 2023 साली कंपनीने 10,000 कोटी रुपये खर्चून सव्वातीन हजारांच्या आतबाहेर, नेमके 3,200 रुपये भावाने, 3 कोटी 12 लाख 50 हजार शेअर घेतले. हे एकूण शेअरच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास होते.

यात कमकुवत वाढ झाकली गेली काय? पाहू. 2022-23 चा एकत्रित निव्वळ नफा सुमारे 10,471 कोटी, 2023-24 चा सुमारे 13,059 कोटी. नफाच पावपट वाढला. शेअर घटले दोन टक्के. इथे झराच मोठा झाला होता.

उलट, एक काल्पनिक कंपनी घ्या. नफा 100 कोटी, शेअर 10 कोटी, म्हणजे दर शेअरमागे 10 रुपये. कंपनीने 150 रुपये भावाने एक कोटी शेअर घेतले; 150 कोटी गेले. त्या रकमेचे बुडालेले व्याज आणि मंदावलेला धंदा धरून पुढच्या वर्षी नफा 96 कोटींवर आला. तो 9 कोटी शेअरांत वाटला की होतात 10 रुपये 67 पैसे. नफा चार टक्के घटला, तरी अहवालाच्या पहिल्या पानावर "शेअरमागे मिळकत 6.7 टक्के वाढली" असे खुशाल छापता येते, आणि त्यात एक अक्षरही खोटे नसते! वरिष्ठांचा बोनस याच आकड्याला बांधलेला असेल, तर मोह आणखी वाढतो. अमेरिकेच्या आयबीएमने वर्षानुवर्षे शेअर घेतले, 2015 साठी शेअरमागे 20 डॉलर मिळकतीचे उद्दिष्ट धरले. विक्री मात्र घसरत होती. ऑक्टोबर 2014 मध्ये ते उद्दिष्ट सोडावे लागले.

म्हणून वाचकहो, वार्षिक अहवाल हाती आला की शेअरमागची मिळकत वाचण्यापूर्वी एकूण विक्री आणि एकूण नफा पाच वर्षांचा ओळीने मांडा. शेजारी शेअरांची संख्या लिहा. नफा जागच्या जागी आणि संख्या खाली, असे दिसले तर वाढ भागाकाराची आहे. मग कर्जाचा आकडा पाहा : खरेदी साचलेल्या रोकडीतून झाली की उसनवारीतून? उसनवारीतून झाली असेल, तर थैली नुसती हलकी नव्हे, फाटकी झाली.

आणि कंपनीने बाजाराहून चढा भाव देऊ केला तरी आपले सगळे शेअर ती घेईलच असे समजू नका. अशा देकारात लहान भागधारकांसाठी 15 टक्के राखीव असतात, पण अर्ज जास्त आले की प्रमाणात घेतले जातात. कराचे नियमही फिरतात. 1 ऑक्टोबर 2024 रोजी ते मुळातून पालटले होते. देकार भरण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम विचारून घ्यावा. चढा भाव घेऊन मोकळे व्हायचे की हिस्सा राखायचा, याचा निर्णय शेवटी झऱ्याकडे पाहूनच करावा.