मार्जिन एकदाच, आणि तेही मोटरला

विहीर तळाला गेली की मोटरवर ताण येतो, ही समजूत आपल्या धंद्यात चांगलीच मुरलेली आहे. साध्या सेंट्रिफ्यूगल पंपाचे गणित मात्र उलटे चालते. विहिरीत पाणी वर आले की हेड कमी होते, हेड कमी झाले की पंप जास्त पाणी फेकतो आणि त्यासाठी मोटरकडून जास्त ताकद मागतो. म्हणूनच उन्हाळाभर निमूटपणे चाललेली मोटर पाऊस पडून विहीर तुडुंब भरल्यावर ट्रिप होऊ लागते. शेतकरी वाइंडरला दोष देतो, वाइंडर कमी व्होल्टेजला. मुळात चूक झालेली असते ती मोटर निवडताना.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. ओपनवेल सबमर्सिबल पंप बसवायचा आहे आणि सेकंदाला ६ लिटर पाणी हवे आहे. उन्हाळ्यात विहिरीतले पाणी जमिनीखाली १२ मीटरवर असते. टाकीचे तोंड विहिरीच्या काठापासून १६ मीटर उंचावर आहे. म्हणजे उभी चढण २८ मीटर झाली. पाइप ९० मिलिमीटरचा पीव्हीसी, लांबी ३०० मीटर. या पाइपचा आतला व्यास सुमारे ८३ मिलिमीटर धरला, तर ६ लिटरला दर शंभर मीटरमागे साधारण १.६ मीटर घर्षण लागते, म्हणजे एकूण ४.८ मीटर. बेंड आणि व्हॉल्व धरून ते ६ मीटर समजू. एकूण हेड ३४ मीटर.

आता लिटर प्रति सेकंदाला हेडने आणि ९.८१ ने गुणून हजाराने भागले की पाण्याला मिळणारी ताकद किलोवॉटमध्ये येते. ६ गुणिले ३४ गुणिले ९.८१ भागिले १०००, म्हणजे बरोबर २ किलोवॉट. पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के असेल तर शाफ्टवर २ भागिले ०.५५, म्हणजे ३.६४ किलोवॉट लागतील. पाच एचपीची मोटर ३.७ किलोवॉटची असते. आकडे इतके जुळलेले पाहून पुष्कळ जण इथेच कोटेशन लिहून मोकळे होतात.

पण हा हिशेब फक्त उन्हाळ्याचा झाला. पावसाळ्यात पाणी जमिनीखाली ३ मीटरवर येते आणि उभी चढण २८ ऐवजी १९ मीटर उरते. पंप ६ लिटरवर थांबत नाही. आपल्या कर्व्हवरून तो उजवीकडे सरकतो, प्रवाह वाढतो, त्याबरोबर पाइपमधले घर्षणही वाढते आणि दोन्हींचा मेळ बसेल तिथे तो स्थिरावतो. बंद व्हॉल्ववर ४३ मीटर हेड देणारा पंप असेल, तर या जोडणीत तो सुमारे ७.७ लिटर आणि २८ मीटरवर येईल. तिथे कार्यक्षमता ५२ टक्क्यांवर उतरली असे धरले, तर शाफ्टवर सुमारे ४.१ किलोवॉट लागतात. म्हणजे ३.७ ची मोटर तीन-चार महिने रोज दहा टक्के जादा ओझे ओढत राहते.

त्यामुळे मोटरचा आकार ठरवताना ३४ मीटरचा आकडा पुरेसा नाही. पंप वर्षभरात ज्या ज्या हेडवर चालणार आहे, त्यातली सर्वांत मोठी ताकदीची मागणी शोधायची आणि मार्जिन त्या आकड्यावर द्यायचे. इथे ४.१ वर पंधरा टक्के धरले तर ४.७ किलोवॉट होतात. त्याच्या वरचा बाजारात सहज मिळणारा आकार ५.५ किलोवॉट, म्हणजे साडेसात एचपी. लहान मोटरला मार्जिन टक्केवारीने जास्त द्यावे लागते, मोठ्या मोटरला कमी. तेलशुद्धीकरणातल्या पंपांसाठीचे एपीआय ६१० मानकही २२ किलोवॉटपर्यंत पंचवीस टक्के आणि ५५ च्या वर दहा टक्केच सांगते.

हे मार्जिन कशासाठी असते, तेही स्पष्ट हवे. गावाकडे ४१५ व्होल्टऐवजी ३५० आले तर तेवढ्याच कामासाठी करंट सुमारे एकोणीस टक्क्यांनी वाढतो आणि मोटरची फिरवण्याची ताकद तीस टक्क्यांच्या आसपास घटते. शिवाय कारखान्यातून आलेला पंप कॅटलॉगशी तंतोतंत जुळेलच असे नाही. या दोन्ही गोष्टी सोसायच्या असतात त्या मोटरला. म्हणून राखीव ताकद तिच्याकडेच असावी.

प्रत्यक्षात मात्र ही राखीव जिकडे तिकडे पेरली जाते. आपला ६ लिटरचा प्रवाह ‘असू द्या थोडा जास्त’ म्हणून ६.६ होतो, हेड ३४ चे ४१, कार्यक्षमता ५५ ची ५०, आणि शेवटी मोटरला पंचवीस टक्के वेगळे. प्रत्येक पायरीवर वाढ किरकोळ वाटते, पण या वाढी एकमेकींना गुणल्या जातात. ३.६४ चे ६.६४ किलोवॉट होतात आणि शेतावर दहा एचपीचा सेट येऊन पडतो.

यात नुकसान केवळ जास्त किमतीचे नाही. ४१ मीटरसाठी निवडलेला पंप त्याच पाइपवर उन्हाळ्यातही ६ लिटरवर थांबत नाही, तो ७.७ च्या आसपास जातो. पाणी २८ टक्के जास्त येते आणि शाफ्टवरची ताकद सुमारे ४३ टक्के जास्त लागते. विहिरीचा झरा तेवढा नसेल तर पाणी लवकर तुटते आणि पंप कोरडा चालतो. व्हॉल्व आवळून प्रवाह ६ वर आणला तरी जादा हेडसाठी घेतलेली वीज व्हॉल्वमध्ये जिरते. म्हणून प्रवाह आणि हेड आहेत तसेच, खरे धरावेत.

आणखी एका ठिकाणी घसरायला होते. सेटच्या कॅटलॉगमध्ये काही वेळा पंप आणि मोटर यांची मिळून एकत्र कार्यक्षमता दिलेली असते. पंप ५५ आणि मोटर ८० टक्के असेल तर ती ४४ टक्के होते. २ किलोवॉटला ०.४४ ने भागून आलेले ४.५५ किलोवॉट हे मीटरमधून घेतले जाणारे आहेत. केबल आणि वीजबिलासाठी तो आकडा उपयोगी आहे. मोटरच्या नेमप्लेटवर लिहिलेले असतात ते शाफ्टवर मिळणारे किलोवॉट, आणि तुलना त्यांच्याशीच व्हायला हवी.

बसवलेला सेट जास्त ओझ्याने चालतो की नाही, हे जागेवर ओळखता येते. तिन्ही फेजचे व्होल्टेज ठीक असताना करंट नेमप्लेटच्या वर जात असेल, तर डिलिव्हरी व्हॉल्व हळूहळू आवळा. अँपिअर उतरू लागले, तर पंप गरजेपेक्षा कमी हेडवर धावतो आहे. उतरलेच नाहीत, तर बेअरिंग, घासणारा इम्पेलर किंवा वाइंडिंगकडे पाहा. ही खूण रेडियल इम्पेलरसाठी आहे. मिक्स्ड फ्लोमध्ये ताकदीची रेषा जवळजवळ सपाट असू शकते, आणि ॲक्सियल फ्लो पंपात व्हॉल्व आवळल्यावर ताकद उलट वाढते. तिथे हा प्रयोग करू नये.

आमचे म्हणणे दोन बाजूंना आहे. उत्पादकांनी कॅटलॉगमध्ये हेड आणि डिस्चार्जच्या तक्त्याशेजारी शाफ्टवरच्या किलोवॉटचा रकाना द्यावा, कारण त्याशिवाय पावसाळ्याचा हिशेब अंदाजावर राहतो. आणि आपण कोटेशनवर उन्हाळ्याचे हेड, पावसाळ्याचे हेड, त्यांतली जास्तीत जास्त मागणी आणि त्यावर दिलेले मार्जिन, असे चार आकडे लिहावेत. मोटर जळाली तर वाद कशावर घालायचा, हे निदान त्या कागदावर दिसेल.