शनिवारी रात्री जन्मलेले मूल

कागदावरचा हक्क आणि रात्री अकरा वाजता प्रसूतिगृहात पदरात पडणारा हक्क यांत किती अंतर असते, हे हेपटायटिस बी या काविळीच्या प्रतिबंधात स्पष्ट दिसते. प्रौढ माणसाला या विषाणूची लागण झाली, तर बहुधा त्याचे शरीर तो काही महिन्यांत घालवून टाकते. जन्मवेळी आईकडून लागण झालेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद बालकांच्या यकृतात मात्र तो कायमचा ठाण मांडतो. सिर्‍होसिस किंवा यकृताचा कर्करोग पुढे ऐन कमावत्या वयात गाठतो.

समजा, एका शेतमजूर स्त्रीच्या रक्तात चौथ्या महिन्यात हा विषाणू आढळला. पुढील तपासणीत विषाणूभार दर मिलिलिटरला दोन लाख एककांहून अधिक निघाला. इतका भार असला, तर जन्मानंतरचे उपाय करूनही काही बालकांना लागण होते. म्हणून तिला 28व्या आठवड्यापासून टेनोफोविरची 300 मिलिग्रॅमची गोळी रोज द्यावयाची. ही महाग तपासणी जेथे होत नाही, तेथे विषाणू आढळलेल्या प्रत्येक गर्भवतीला गोळी देता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली सांगितले आहे.

मूल जन्मताच, शक्यतो बारा तासांत, त्याच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन टोचावे. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडे. ती तात्काळ रक्षण करतात, पण काही महिन्यांत ओसरतात. तोवर लसीमुळे बालकाचे शरीर स्वतःची प्रतिपिंडे घडवू लागते. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांच्या मात्रा पुऱ्या झाल्या, की नवव्या महिन्यानंतर रक्त तपासून निकाल कळतो. अंगावरचे दूध तोडण्याचे कारण नाही.

परंतु हे मूल शनिवारी रात्री जन्मले तर? इम्युनोग्लोब्युलिन मानवी रक्तद्रवापासून बनते. ते महाग असते आणि लहान केंद्रात बहुधा नसते. लस मात्र तेथेच शीतकपाटात असते. तरीही दहा मात्रांची कुपी एका बालकासाठी फोडली तर उरलेली वाया जाईल, या भीतीने ती सोमवारपर्यंत बंद राहते. वास्तविक योग्य तापमानात ठेवलेली उघडी कुपी 28 दिवस वापरण्यास सरकारी धोरणच मुभा देते. इम्युनोग्लोब्युलिन नाही म्हणून लस थांबविणे हीही चूकच. एकटी वेळेवर दिलेली लसदेखील बहुतेक बालकांना वाचविते.

दोष एकट्या परिचारिकेच्या माथी मारून भागणार नाही. हिशेब वाया गेलेल्या मात्रांचा मागितला जातो, हुकलेल्या तासांचा कोणी मागत नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या आरोग्य केंद्रात दोनच प्रश्न विचारावेत: रविवारी लसीच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? आणि बालकाच्या कार्डावर जन्माची व पहिल्या मात्रेची वेळ लिहिली जाते काय? नुसत्या तारखेवरून ते चोवीस तास पाळले गेले की नाही, हे कळत नाही.