तक्रारपत्राचे पाच गुण

मैत्रिणींनो, ‘पत्राला पाचापैकी अडीचच का?’ असं परवा एक आई विचारत होती. आमच्याकडे मांडणीला एक, मजकुराला दोन, सुराला एक नि शुद्धलेखनाला एक गुण असतो. दिनांक, प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू, सारं जागच्या जागी होतं; मांडणीचा गुण दिला. पण कचरा कुठल्या गल्लीत, किती दिवसांचा, हे नव्हतंच, मजकुराला एक. ‘ताबडतोब उचला, नाहीतर बघा!’ ही झाली धमकी; सुराला शून्य. ‘अधीकारी’, ‘विनंति’ अशा चुकांमुळे शुद्धलेखनाला अर्धा. घरी मुलाचं पत्र अधिकारी होऊन वाचा. गाडी नेमकी कुठे पाठवायची ते कळलं नि वाचून राग आला नाही, की मजकूर आणि सूर दोन्ही साधले समजा.