विडीच्या धुराने झोप हटत नाही!

लासलगावहून कांदा भरून मध्यरात्री न्हावाशेव्याकडे निघालेला ट्रकचालक पहाटे ३ च्या सुमारास कसारा घाटाशी येतो आणि विडी पेटवतो. झोप उडते, अशी त्याची श्रद्धा. निकोटिनने क्षणभर तरतरी येते हे खरेच. परंतु झोपेची थकबाकी तसूभरही फिटत नाही. अंमल ओसरला की सवयीच्या माणसाला मरगळ येते, मग पुढची विडी! डोळा ३ सेकंद लागला, तर ताशी ६० च्या वेगाने गाडी ५० मीटर आंधळी धावते.

वारंवार जांभया येऊ लागल्या, मागचा मैलाचा दगड आठवेनासा झाला, की घाट उतरण्यापूर्वीच ढाब्यावर गाडी लावावी, कडक कॉफी घ्यावी आणि लगेच २० मिनिटे पाठ टेकावी. कॉफीचा परिणाम दिसायला अर्धा तास लागतो. तोवर डुलकीही पदरात पडते. उठल्यावर गुंगी असेल तर थोडे चालावे, मगच चाक धरावे. अर्थात हा आधार तासा-दोन तासांचाच. रात्रभराच्या झोपेची जागा तो घेत नाही.

पण ही २० मिनिटे देणार कोण? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ५ तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. ‘कुठे पोचलास?’ म्हणून रात्रभर फोन करणाऱ्या मालकाने चालकाला व्यसनी ठरवावे, हा निव्वळ कांगावा आहे.